एकाच पट्टीची दोन दुखणी

दादर स्टेशनबाहेरच्या एका मेडिकलमध्ये संध्याकाळी सातच्या गर्दीत आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला उभी होते. पुढे एक कॉलेजची मुलगी, पाठीवरची सॅक पोटाशी धरून, किंचित वाकलेली. “पाळीची गोळी द्या,” ती हळूच म्हणाली. काउंटरवरच्या माणसाने वर न बघता पट्टीतून दोन गोळ्या कात्रीने कापल्या, कागदात गुंडाळल्या. तिच्यामागे चाळिशीची एक बाई, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात भाजीची पिशवी. तिलाही पाळीचीच गोळी हवी होती. वर तिने आपणहून सांगितलं, “अजून आठवडा आहे हो, पण आत्तापासूनच सुरू झालंय. नुसती चिडचिड, छाती भरून आलीये, रात्रभर झोप नाही.” त्याने त्याच पट्टीतून आणखी दोन कापल्या. तीच कात्री, तोच कागद. माझ्यामागे दहा माणसं खोळंबलेली, त्यामुळे मीही आईच्या गोळ्या घेतल्या आणि लालबागची बस पकडली. पण ती पट्टी काही डोक्यातून जाईना.

माझी नोकरी पालिकेच्या रुग्णालयात, स्त्रीरोगाच्या ओपीडीत. सिस्टर म्हणून माझं अर्धं आयुष्य तिथल्या हिरव्या पडद्याआड गेलं. तिथे आमच्या मॅडम पाळीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला पहिला प्रश्न एकच विचारतात: “पाळी आली की त्रास सुरू होतो, की पाळी आली की संपतो?” बाई क्षणभर गोंधळते, कारण तिच्या लेखी सगळं एकच असतं, महिन्याचं दुखणं. पण त्या उत्तरावर पुढची सगळी वाट ठरते. पुढच्या मुलीचं दुखणं रक्तस्रावाबरोबर किंवा त्याआधी काही तास सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. मागच्या बाईचं दुखणं बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात कधीतरी चढायला लागतं आणि पाळी आली की एक-दोन दिवसांत उतरतं. एक गर्भाशयातलं, दुसरं मुख्यतः मेंदूतलं. एकाच बाईला दोन्ही असू शकतात, आणि पुष्कळदा असतातही. मग ती महिन्यातले दहा-बारा दिवस कुठल्या ना कुठल्या तक्रारीत काढते आणि घरात “हिचं नेहमीचंच” या सदरात जमा होते.

पहिल्या प्रकारचं उदाहरण आमच्याच घरात होतं. सई, माझ्या ताईची मुलगी, वय वीस, बदलापूरहून माटुंग्याला कॉलेजला येते. पाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे तिला कळा सुरू व्हायच्या. ओटीपोटातून निघून कंबरेत, तिथून मांड्यांत. सोबत उलटी, एक-दोनदा पातळ जुलाब, हातपाय गार. ताईला वाटायचं की आदल्या दिवशी बाहेरचं खाल्लं असणार. पण जुलाब पाणीपुरीचे नव्हते. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूला रक्त पुरत नाही आणि कळ येते. तीच रसायनं शेजारच्या आतड्यालाही पोचतात, म्हणून जुलाब. ज्यांच्या अस्तरात ती जास्त बनतात त्यांना जास्त दुखतं. यात सहनशक्तीचा किंवा लाडाचा काही संबंध नाही. हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आम्हालाही दुखायचं. आम्ही ओवा खाऊन कामाला लागायचो.” खरं आहे, लागायची. मी पाहिलंय तिला, चाळीतल्या मोरीत कपडे धुताना ओठ दाताखाली दाबून बसलेली.

ओव्याबद्दल मी काही बोलणार नाही, पण शेकायच्या पिशवीबद्दल जरूर बोलेन. ओटीपोटाला सलग शेक दिला की पाळीचं दुखणं खरोखर कमी होतं, हे अभ्यासांतही दिसलंय. आजीचं चुकलं नव्हतं. फक्त बदलापूरच्या सात सत्तावन्नच्या लोकलमध्ये शेकायची पिशवी कुठे धरणार?

सई गोळी घ्यायची, तरी उपयोग होत नाही म्हणायची. कशी घेतेस विचारलं तेव्हा उलगडा झाला. कळ असह्य झाली की, म्हणजे साधारण कुर्ला येता येता, उभ्याने, रिकाम्या पोटी, एक गोळी. ती गोळी मुंबईतल्या बहुतेक मुलींच्या पर्समध्ये असते तीच, मेफेनॅमिक अ‍ॅसिड 250 मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन 10 मिलिग्रॅम एकत्र असलेली. यात दोन गोष्टी आड येत होत्या. एक म्हणजे मात्रा. मेफेनॅमिक अ‍ॅसिडची या दुखण्यासाठीची नेहमीची मात्रा 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. सई त्याच्या निम्म्यावर, तेही एकदाच. दुसरी गोष्ट वेळेची. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात, तयार झालेलं नाहीसं करत नाहीत. नळ बंद केला तरी बादलीत भरलेलं पाणी राहतंच. म्हणून पहिला डाग दिसला की लगेच, किंवा पाळी घड्याळासारखी येत असेल तर आदल्या रात्री कंबर भरून येऊ लागली की, पहिली गोळी घ्यायची. नंतर दुखो न दुखो, ठरल्या वेळेला घेत राहायचं, दोन फार तर तीन दिवस. मग बंद. आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनचंही तंत्र हेच. यातलं कुठलं चांगलं यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही, जे सोसतं ते घ्यावं. पॅरासिटामॉल मात्र या कामात त्यांच्यामागे पडतं.

आणि काही खाऊन. हे मी मोठ्याने सांगते, कारण आमच्याकडे पाळी आणि उपास एकत्र आले तर उपास मोडत नाही, गोळी मात्र घेतली जाते. जठरात व्रण असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, अशा गोळीने पूर्वी दमा उसळला असेल, तर या वाटेने जायचंच नाही. 2023च्या अखेरीला इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर हाहाकार उडाला. सईच्या मैत्रिणींनी पट्ट्याच्या पट्ट्या फेकून दिल्या म्हणे. ती सूचना अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा अशा एका गंभीर, पण दुर्मीळ प्रतिक्रियेबद्दल होती. ती गोळी घेतल्यावर लगेच नाही, दोन ते आठ आठवड्यांनीही उमटू शकते. म्हणजे पुरळ आणि ताप एकत्र आले तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जायचं, आणि महिन्याभरापूर्वी काय घेतलं होतं तेही सांगायचं. पट्टी फेकून कळा सोसत बसणं कुणी सांगितलं नव्हतं.

सईला मी ओपीडीत घेऊन आले. मॅडमनी डायसायक्लोमिन काढून टाकलं. त्याने तिचं तोंड कोरडं पडायचं आणि डोळ्यांवर झापड यायची, कळेवर मात्र फारसा फरक नव्हता. साधं मेफेनॅमिक अ‍ॅसिड, पुरेशा मात्रेत, वेळेवर, तीन पाळ्या घेऊन बघायचं ठरलं. उलट्या थांबल्या, जुलाब थांबले. दुखणं दहापैकी नऊवरून पाचावर आलं, आणि तिथेच अडलं. पहिल्या दिवशीचं लेक्चर अजून बुडतच होतं.

तिथून पुढची पायरी हॉर्मोनची.

तिकडे वळण्याआधी मॅडमनी तिला बरंच काही विचारलं. दुखणं दरवर्षी वाढत चाललंय का? पाळी नसतानाही दुखतं का? पाळीत शौचाला जाताना कळ येते का? रक्तस्राव फार होतो का, गाठी पडतात का? पाळी सुरू झाल्यावर वर्षभरात दुखायला लागलं, की चांगली काही वर्षं गेल्यावर? तरुणपणी लवकर सुरू झालेलं आणि पहिल्या दोन दिवसांपुरतं राहणारं दुखणं बहुतेकदा साधं असतं. उशिरा सुरू झालेलं, वाढत जाणारं, पाळीच्या बाहेर सांडणारं दुखणं असेल तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो, म्हणजे अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर रुजलेला असणं. सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली आणि ताईने सुटकेचा श्वास टाकला. मॅडम शांतपणे म्हणाल्या की नॉर्मल सोनोग्राफीने एंडोमेट्रिओसिस नाही असं सिद्ध होत नाही. पोटाच्या पडद्यावरचे बारीक ठिपके तिला दिसतच नाहीत. सुदैवाने दोन्हींसाठी पुढची पायरी बरीचशी सारखी आहे. म्हणून लगेच दुर्बीण घालायची गरज नसते. हॉर्मोन तीन ते सहा महिने देऊन बघायचे, तरी आराम नसेल तर मग आत डोकावायचं.

मॅडमनी लिहून दिली ती एकत्रित गर्भनिरोधक गोळी, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेली. तसलीच गोळी सरकारी केंद्रांवर माला-एन नावाने फुकट मिळते, एकवीस हॉर्मोनच्या आणि सात लोहाच्या. चिठ्ठी वाचून ताईचा चेहरा बदलला. आमची पिढी टीव्हीवर, बसच्या पाठीवर लाल त्रिकोण बघत मोठी झाली. ही गोळी कोण घेतं आणि कशासाठी, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. “लग्नाआधी?” ती कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली. “नीलू, उद्या स्थळ आलं आणि कुणाला कळलं तर? आणि पुढे मूल व्हायला अडचण आली तर?” गोळी बंद केली की बीज सुटणं पुन्हा सुरू होतं, गर्भधारणेची क्षमता जात नाही, हे मी तिला सांगितलं. स्थळाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग मला आठवलं. गेल्या गौरींच्या वेळी सईची तारीख नेमकी जेवणाच्या दिवशी येत होती, तेव्हा ताईनेच कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ आणली होती. कुणालाही न विचारता. तारखेच्या तीन दिवस आधीपासून, रोज तीन. लालबाग-परळमध्ये गणपतीच्या आधी ही गोळी कशी खपते ते कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा. ती गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम. ते शुद्ध हॉर्मोन आहे, आणि त्या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडिओलमध्ये बदलतो, म्हणजे ज्या इस्ट्रोजेनला ताई घाबरत होती त्यातच. त्या वेळी कुणी तिचं बीपी मोजलं नव्हतं, रक्ताच्या गुठळीचा इतिहास विचारला नव्हता. मॅडमनी मात्र या खेपेला हे सगळं केलं, शिवाय डोकेदुखीआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमचमत्या रेघा दिसतात का, हेही विचारलं. तसा अर्धशिशीचा त्रास असेल तर इस्ट्रोजेनची गोळी देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. देवासाठी घेतलेला हॉर्मोन चालतो, दुखण्यासाठी घेतलेला नाही. हे मी ताईला बोलून दाखवलं नाही. म्हणजे बोलले, पण जरा सौम्य शब्दांत. ती गप्प बसली, आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

गोळी काम करते ती साध्या हिशेबाने. बीज सुटत नाही, अस्तर जाड होत नाही, जाड नाही म्हणून त्यातून प्रोस्टाग्लँडिन कमी सुटतं. पहिल्या पट्टीत सईला थोडी मळमळ झाली, मधूनच डाग दिसले. तिसऱ्या पट्टीनंतर दुखणं दोनवर आलं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड अजून सॅकमध्ये असतं, कधीतरी एखादी लागते. इस्ट्रोजेन चालत नसेल त्यांच्यासाठी नुसत्या प्रोजेस्टिनच्या वाटा आहेत: डायनोजेस्टची रोजची गोळी, एंडोमेट्रिओसिसमध्ये विशेष वापरली जाणारी, किंवा गर्भाशयात बसवायची लेव्होनॉरजेस्ट्रेलची तांबी, जी काही वर्षं आतल्या आत अस्तर पातळ ठेवते.

आता ती रांगेतली दुसरी बाई. तिला बघून मला आमची वहिनी आठवत होती. ठाण्याच्या शाळेत शिकवते, एरवी गोड, वर्गातल्या साठ पोरांना न ओरडता गप्प करणारी. पण महिन्यातला एक आठवडा असा की घरातले सगळे भिंतीला चिकटून चालतात. एकदा डब्यात भाजी कमी पडली म्हणून दादाने सहज विचारलं तर तिने डबाच ओट्यावर आपटला आणि मग बाथरूममध्ये जाऊन तासभर रडली. “मला कळत असतं गं,” ती मला म्हणाली, “कळत असतं की हे मी नाही. पण थांबवता येत नाही.” तिच्या रक्तातले हॉर्मोन तपासले, ते अगदी नॉर्मल. तसेच येतात. या त्रासात हॉर्मोन कमी-जास्त नसतात. त्यांच्या नेहमीच्याच चढउताराला काहींचा मेंदू तीव्र प्रतिसाद देतो. त्यामुळे रक्ततपासणीने निदान होत नाही. निदान होतं रोज लिहून.

मी तिला स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच लिहायला लावलं. रोज रात्री झोपताना तारखेच्या चौकोनात तीन आकडे: चिडचिड, झोप, छातीचं जडपण, प्रत्येकी शून्य ते तीन. पाळीच्या दिवशी लाल ठिपका, तो ती आधीपासून काढायचीच. निदान दोन महिने लागतात, आणि आठवून लिहायचं नाही, त्याच दिवशी लिहायचं. कारण माणसाला वाईट दिवस पाळीला जोडून आठवायची खोड असते. दोन पानं भरल्यावर चित्र स्पष्ट दिसलं. लाल ठिपक्याआधीचा आठवडा दोन आणि तीननी भरलेला, ठिपक्यानंतर दुसऱ्या दिवसापासून शून्य, शून्य, शून्य, महिन्याच्या मध्यापर्यंत. तो स्वच्छ आठवडा हीच खूण. ओपीडीत एका बाईने अशीच वही आणली होती, तीही स्वतःला पाळीआधीचा त्रास आहे म्हणायची. तिच्या वहीत पाळीनंतरही सगळीकडे दोन होते, पाळीआधी तीन. ते नैराश्य होतं, बारमाही, पाळीआधी वाढणारं. तिला वेगळ्या उपचारांची गरज होती, आणि तिने नुसतं पाळीआधीचं औषध मागितलं असतं तर ते निसटलं असतं.

वहिनीला मेफेनॅमिक अ‍ॅसिडने काय झालं असतं? डोकं दुखत असेल, अंग ठणकत असेल तर तेवढं हललं असतं. डबा तरीही आपटला असता. तिची शिडीच वेगळ्या भिंतीला लावलेली. मागच्या शतकात कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन या ब्रिटिश डॉक्टरांनी 1953मध्ये या त्रासावर लेख लिहिला, आणि डाल्टनबाई पुढे आयुष्यभर प्रोजेस्टेरॉनच देत राहिल्या. नंतर नीट तुलना करून पाहिलं तेव्हा प्रोजेस्टेरॉनचा फायदा काही दिसला नाही. तरी अजून कुणीतरी चिठ्ठीवर लिहून देतंच. सौम्य त्रासात रोजचं कॅल्शियम काहींना बरं पडतं. वहिनीचा त्रास मात्र त्यापलीकडे गेला होता, नोकरी आणि घर दोन्हींना धडका देणारा. मॅडमनी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं आणि तिथे तिला सर्ट्रालिन 50 मिलिग्रॅम मिळालं, तेही रोज नाही. पाळीच्या अंदाजे चौदा दिवस आधी सुरू करून पाळी आली की बंद. नैराश्यात या औषधाचा असर दिसायला काही आठवडे लागतात. इथे काही दिवसांत दिसतो, त्यामुळेच असं अर्धा महिना देता येतं. पहिल्या महिन्यात तिला मळमळलं. दुसऱ्या महिन्याच्या चौकोनांत तीन दिसेनासे झाले, एक-दोन उरले. गोळी सोडलेल्या महिन्यात तीन परत आले. ती म्हणाली, “म्हणजे आता मी मनोरुग्ण का?” मी म्हटलं, वहिनी, तू महिन्यातले पंधरा दिवस सर्ट्रालिन घेतेस, एवढंच. कळांसाठी ती मेफेनॅमिकही घेते, तेव्हा दोन्ही औषधं दोन्ही डॉक्टरांना सांगायला तिला बजावलंय, कारण दोन्ही एकत्र आली की पोटात रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो.

हॉर्मोन वहिनीलाही देता आले असते, पण इथे गंमत आहे. सईचं दुखणं अस्तरात, तेव्हा अस्तर पातळ केलं की भागतं, बीजकोषाने काही का करेना. वहिनीचं दुखणं बीजकोषाच्या चढउतारात, तेव्हा तो चढउतारच थांबला पाहिजे. म्हणून हॉर्मोनची तांबी सईसारखीला कळांतून सोडवेल, पण वहिनीसारखीला तिचा भरवसा नाही. तांबी असताना बहुतेकींचं बीज सुटतच राहतं आणि आतल्या प्रोजेस्टिनने एखादीचं मन आणखी बिघडतं. तिच्यासाठी असते ड्रॉस्पायरेनोनची गोळी, चोवीस दिवस हॉर्मोन आणि चारच दिवस खंड, म्हणजे चढउताराला जागाच थोडी. वहिनीचं बीपी वरच्या बाजूला असल्याने ती वाट बंद होती. मेडिकलच्या काउंटरवर दोघी एकामागे एक उभ्या राहिल्या असत्या तर दोघींना पट्टी मात्र एकच मिळाली असती.

यंदा गौरींच्या आठवडाभर आधी ताईचा फोन आला. सईची तारीख पुन्हा आडवी येतेय, ती ढकलायची गोळी आणू का? मी म्हटलं, आणू नकोस, सईला सांग लोहाच्या सात गोळ्या सोडून सरळ नवी पट्टी सुरू कर, पाळी येणारच नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ताई म्हणाली, “म्हणजे या गोळीने तेही होतं होय? मग आधी का नाही सांगितलंस!”